वारंवार होणाऱ्या मायग्रेनमुळे शांत खोली मिळण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : 17 मार्च 2025

प्रति,
मा. वॉर्डन मॅडम,
मुलींचे वसतिगृह, नागपूर

विषय : खोली क्र. 12 ऐवजी दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूची खोली मिळण्याबाबत.

महोदया,

मी बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून तळमजल्यावरील खोली क्र. 12 मध्ये राहते. मला अकरावीपासून मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा त्रास आहे. गावी असताना तो अधूनमधून व्हायचा. या सत्रात मात्र आठवड्यातून एकदा तरी होतोच, आणि झाला की तो दिवस वाया जातो.

मॅडम, हे नेहमीचे डोके दुखणे नाही. आधी डाव्या डोळ्यासमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात आणि वहीतली अक्षरे मधूनच गायब होतात. थोड्या वेळाने डाव्या कानशिलात ठोके पडू लागतात, मळमळते, उलटी होते. तेव्हा ट्यूबलाइटचा उजेड आणि भांड्यांचा आवाज अजिबात सहन होत नाही. गोळी लगेच घेऊन अंधारात शांत पडता आले तर चार-पाच तासांत उतार पडतो. नाही तर दुसरा दिवसही त्यातच जातो. मागच्या महिन्यात अशाच एका दिवशी माझे प्रॅक्टिकल बुडाले.

खोली क्र. 12 ची एक भिंत मेसला लागून आहे. पहाटे पाण्याची मोटर सुरू होते, मग भांडी, मग फोडणीचा ठसका. रात्री टीव्ही हॉल बंद झाल्यावर जरा शांतता होते, पण खिडकीसमोर गाड्यांच्या स्टँडचा हॅलोजन रात्रभर चालू असतो. मी खिडकीला चादर बांधून पाहिली. उजेड अडतो, पण वाराही अडतो, आणि नागपूरच्या मार्चमध्ये ते काही जमत नाही. येत्या आठवड्यात मेसचा मोठा कूलर बसेल, तो नेमका आमच्याच खिडकीच्या बाजूला असतो. धनतोलीतील ज्या डॉक्टरांकडे माझे उपचार चालू आहेत, त्यांनी झोप मोडू नये, जेवण चुकवू नये आणि उन्हापासून जपावे असे सांगितले आहे. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्या तर त्यांनीच डोकेदुखी वाढते, म्हणून त्याही मोजूनच घ्याव्या लागतात. त्यामुळे गोळी घेऊन निभवा, असे करता येत नाही.

मेसमधल्या मावशींबद्दल किंवा मैत्रिणींबद्दल माझी काही तक्रार नाही. दोनशे मुलींचा स्वयंपाक भांडी न वाजवता कसा होणार? मुलींनी माझ्यासाठी कुजबुजत बोलावे असेही मी म्हणत नाही. मलाच तिथून हलवावे, एवढेच मागणे आहे.

दुसऱ्या मजल्यावरील खोली क्र. 209 बगिच्याच्या बाजूला आहे. तिथे राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा पाय लचकल्यापासून तिला जिने चढणे जड जाते, त्यामुळे ती माझ्या जागी खाली यायला तयार आहे. दोन्ही खोल्यांतील मुलींची संमती सोबत जोडली आहे. तिसऱ्या मजल्यावर जागा रिकामी आहे हे मला माहीत आहे, पण तिथला स्लॅब दुपारपासून तापतो आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. उष्णतेनेही माझे डोके उठते, म्हणून कृपया तो मजला नको. एकटीसाठी वेगळी खोलीही नको. अ‍ॅटॅकच्या वेळी पाणी द्यायला कुणीतरी जवळ असलेले बरे.

अदलाबदलीला वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत हॅलोजनचे तोंड गेटकडे फिरवून घ्यावे आणि मला खिडकीला जाड पडदा लावू द्यावा. पडद्याचा खर्च मी करीन. शिवाय त्रास होत असेल त्या रात्री माझी हजेरी खोलीवर येऊन घेतली जावी. मागच्या वेळी खाली रांगेत उभी असताना मला उलटी झाली होती, आणि साफसफाई शेवटी रखवालदार काकांना करावी लागली. त्याचे मला अजून वाईट वाटते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सत्र परीक्षा सुरू होत आहे. त्याआधी, शक्यतो याच महिन्यात, खोली बदलून मिळावी ही नम्र विनंती. बाबांशी बोलायचे असल्यास ते रविवारी मला भेटायला येत आहेत, तेव्हा ते आपल्या कार्यालयात येतील.

आपली विश्वासू,
मृणाल ढोबळे
बी.एस्सी. द्वितीय वर्ष, खोली क्र. 12

सोबत : डॉक्टरांचे प्रमाणपत्र व चालू औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, दोन्ही खोल्यांतील विद्यार्थिनींचे सहीचे संमतीपत्र, वडिलांचे पत्र.