विषय: इरासाठी (वय ८) व्हायोलिनचा ट्रायल क्लास, फी आणि भाड्याचं व्हायोलिन

व्यवस्थापक महोदय / महोदया,
सादर नमस्कार.

माझी मुलगी इरा नुकतीच आठ वर्षांची झाली आहे. पुढच्या महिन्यापासून तिला तुमच्याकडे व्हायोलिनला घालायचा विचार आहे. वर्षभर ती गाणं शिकते आहे. ऐकलेला स्वर तिला गळ्यातून जुळवता येतो, ताल धरता येतो, पण व्हायोलिन तिने अजून हातात घेतलेलं नाही. घरी वाद्य नाही आणि विकतही इतक्यात घ्यायचं नाही, कारण या वयात माप बदलत राहतं. त्यामुळे ट्रायल, फी आणि भाडं या तिन्ही गोष्टी एकदमच विचारते आहे.

आधी तुम्हाला लागेल ती माहिती. हात बाजूला सरळ पसरल्यावर मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंतचं अंतर ५१ सेंटिमीटर भरतं, म्हणजे ती पाव आणि अर्ध्या मापाच्या अगदी सीमेवर आहे. अशा वेळी लहान माप घेणं बरं, असं मला वाटतं. मोठ्या वाद्याच्या टोकापर्यंत पोचताना कोपर ताठ होतं, मनगट आत दुमडतं आणि चौथं बोट स्वरापर्यंत पुरत नाही. ती सवय नंतर सुटता सुटत नाही. पण माप शेवटी शिक्षकांनी तिचा हात बघून ठरवावं. ट्रायलच्या दिवशी पाव आणि अर्धं अशी दोन्ही व्हायोलिनं तयार ठेवता येतील का?

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. इरा डावखुरी आहे. व्हायोलिन डावखुऱ्या मुलांनाही बहुधा नेहमीच्याच पद्धतीने शिकवतात, हे मला माहीत आहे. तारा नुसत्या उलट्या लावून डावखुरं वाद्य होत नाही, कारण आतली बेस बारची पट्टी आणि साउंडपोस्टची दांडी ठरलेल्या बाजूलाच असतात. तेव्हा वेगळं वाद्य मला नको आहे. फक्त सुरुवातीचे काही आठवडे गज धरलेला उजवा हात तिला जड जाईल. तिला ज्यांच्याकडे देणार आहात, त्यांनी असे विद्यार्थी शिकवले आहेत का, आणि त्या हातासाठी ते वेगळा सराव देतात का, हे कळलं तर बरं होईल.

आता ट्रायलबद्दल. तो किती मिनिटांचा असतो, एकट्या मुलाचा की गटात, आणि त्याची फी वेगळी असते का? पुढे प्रवेश घेतला तर ती पहिल्या हप्त्यातून वजा होते का? यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, ट्रायल घेणारे शिक्षकच पुढे शिकवणार आहेत का. मूल पहिल्या तासाला माणसाशी जुळतं, वाद्याशी नंतर. ट्रायल एकाने घ्यायचा आणि वर्ग दुसऱ्याने, असं असेल तर त्या ट्रायलवरून आम्हाला काही ठरवता येणार नाही. सोयीचं असेल तर एका ऐवजी आठवड्याच्या अंतराने दोन ट्रायल मिळाले तर फार बरं. दुसऱ्याचे पैसे द्यायची तयारी आहे. पहिल्या दिवशी खांद्यावर वाद्य टेकवणं, अंगठा वाकवून गज धरणं आणि मोकळ्या तारा छेडणं, एवढ्यातच वेळ जातो. आठवड्यानंतर त्यातलं तिच्या हातात किती उरलं आणि ती पुन्हा आपणहून येते का, हे दुसऱ्या तासाला दिसेल. ट्रायलला मी आत बसले तर चालेल का? बोलणार नाही, पण घरच्या सरावाला मीच तिच्याजवळ असणार, तेव्हा गजाची पकड कशी दाखवली ते मला बघायला हवं.

शैलीचंही विचारायचं राहायला नको. तुमच्याकडे उभं राहून वाजवण्याची पाश्चात्त्य पद्धत शिकवतात, मांडी घालून वाजवण्याची आपली पद्धत, की दोन्ही? वाद्य धरणं, तारा लावणं आणि पुढे लागणारी पुस्तकं हे सगळंच त्यावर अवलंबून आहे. दोन्ही असतील तर गाण्याचा पाया बघता तिला कुठून सुरुवात करावी, हे शिक्षकांनी सुचवावं.

आठवड्याला एक तास आमच्या डोक्यात आहे. तो ३० मिनिटांचा असतो की ४५, आणि गटात असेल तर गटात किती मुलं? हे खोदून विचारते आहे, कारण सहा मुलांच्या गटात ४५ मिनिटांतली पहिली दहा सहा व्हायोलिनं लावण्यातच जातात. मग उरलेल्या वेळात एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटंही येत नाहीत. सुरुवातीच्या सहा महिन्यांत बोटाची जागा दर वेळी कुणीतरी दुरुस्त करावी लागते, तेव्हा ३० मिनिटं एकट्याचा तास मला जास्त उपयोगाचा वाटतो. दोघा मुलांचा तास असेल तर त्याचीही फी कळवा.

फी महिन्याची, सत्राची की वर्षाची, हे तर सांगालच. सोबत वर्षात प्रत्यक्ष किती तास होतात तो आकडाही द्या. वर्षाला ४० तास आणि १२ समान हप्ते असतील, तर महिन्याला सरासरी सव्वातीन तासांच्या थोडे वरच तास पडतात. त्यात काही गैर नाही, पण आधी माहीत असलं की एखाद्या महिन्यात दोनच तास झाले म्हणून मनात शंका येत नाही. प्रवेश फी एकदाच की दर वर्षी? पुस्तकं, परीक्षा आणि वार्षिक कार्यक्रमाचे पैसे त्यातच की वेगळे? कर धरून सांगितलेली रक्कम मिळाली तर हिशोब सोपा होईल.

बुडालेल्या तासांचा नियमही लेखी हवा आहे. शिक्षक आले नाहीत तर भरपाईचा तास मिळतो की पैसे? मूल आजारी पडलं तर किती तास आधी कळवायचं, आणि भरपाईचा तास किती दिवसांत घ्यावा लागतो? ऐनवेळी ताप आला तर तो तास गेला, हे मला मान्य आहे. शिक्षकांची वेळ आमच्यासाठी अडकलेली असते. सत्राच्या मध्येच सोडायची वेळ आली तर किती दिवसांची नोटीस लागते आणि उरलेली फी परत मिळते का, तेही कळवा.

भाड्याच्या वाद्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते. लहान मुलं सुरुवातीलाच व्हायोलिन सोडतात त्यात मुलांइतकाच वाद्याचाही दोष असतो, असं माझं मत आहे. घोडी उंच असली की तारा बोर्डापासून फार वर राहतात. मग मुलाला त्या दाबायला जास्त जोर लागतो, बोटं दुखतात, आणि आपल्याला वाटतं मूल आळस करतंय. म्हणून भाड्याने देण्याआधी वाद्य कोण तपासतं, हा माझा पहिला प्रश्न आहे. घोडी सरळ उभी आहे का, म्हणजे तिची टेलपीसकडची बाजू वरच्या फळीशी काटकोनात आहे का? खुंट्या फिरतात आणि फिरवल्यावर जागेवर थांबतात का? चारही तारांना फाइन ट्यूनर आहेत का? हा शेवटचा मुद्दा मला अत्यावश्यक वाटतो. घरी रोज तार मी लावणार. खुंटी पाव वळसा जरी जास्त फिरली तरी सगळ्यात बारीक तार तुटू शकते. ट्यूनरच्या स्क्रूने तेच काम निवांत होतं.

गजही तपासून मिळावा. केस पुरेसे आहेत ना, काडी वाकडी झालेली नाही ना, आणि स्क्रू घट्ट आणि सैल दोन्हीकडे नीट फिरतो ना. भाड्यात पेटी, गज, राळ आणि खांद्याखालचा शोल्डर रेस्ट सगळं धरलेलं असतं का? राळ नवी असेल तर पहिल्यांदा थोडी घासून दिलीत तर बरं; गुळगुळीत वडीवर केस नुसते घसरतात, गज तारेला धरत नाही आणि आवाजच निघत नाही.

करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट असाव्यात ही विनंती. तार तुटली तर खर्च कुणाचा? गजाचे केस झिजले तर? पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत त्या सैल पडून तारा उतरतात, लाकडाचा सांधाही कधी उघडतो. हे हवेने झालेलं धरलं जातं की आमच्या हातून झालेलं? पडून तडा गेला तर तो आमचा खर्च, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी महिन्याला थोडी जास्त रक्कम भरून नुकसानीपासून संरक्षण घेता येतं का? वाद्य ताब्यात घेताना आधीचे ओरखडे दोघांनी मिळून लिहून, फोटो काढून ठेवू या, म्हणजे परत देताना प्रश्न उरणार नाही. आमच्याकडून वाद्य उन्हात किंवा बंद गाडीत राहणार नाही, सराव संपला की गज सैल केला जाईल, आणि चारही तारा एकदम सैल केल्या जाणार नाहीत, कारण त्याने घोडी पडते आणि आतली साउंडपोस्टची दांडीही निसटू शकते. ती बसवणं घरचं काम नाही. तसं झालंच तर वाद्य हात न लावता तुमच्याकडे आणून देईन.

मापाचंही विचारायचं आहे. वर्षा-दीड वर्षात तिला पुढचं माप लागेल. तेव्हा तेच डिपॉझिट चालतं की नवं भरायचं, बदलाचे वेगळे पैसे पडतात का, आणि पाऊण मापापर्यंतची वाद्यं तुमच्याकडे मिळतात ना? पुढे विकत घ्यायचं ठरलं तर भरलेल्या भाड्यातला काही भाग किमतीतून वजा होतो का? कमीत कमी किती महिन्यांचा करार आहे, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं?

एक विनंती जमली तर नक्की करा. ट्रायलला ज्या व्हायोलिनवर इरा वाजवेल, तेच भाड्याने मिळावं. त्याच्या आवाजाची आणि वजनाची तिला सवय लागलेली असेल, आणि शिक्षकांनीही ते वाजवून पाहिलेलं असेल.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ५:३० नंतर, किंवा शनिवारी सकाळी १० ते १२ आम्ही येऊ शकतो. यापैकी कुठलीही वेळ चालेल. फीचा तक्ता आणि भाडेकराराचा नमुना ईमेलने आधी पाठवलात तर ट्रायलच्या दिवशी कागदांवर वेळ जाणार नाही. इराची नखं कापून, केस बांधून तिला दहा मिनिटं आधी घेऊन येईन. आणखी काही सोबत आणायचं असेल तर कळवा.

आपली,
वृषाली
(इराची आई)