उद्याच्या एकादशी जागराचं नियोजन

राम कृष्ण हरी मंडळी,

उद्या कार्तिकी. निम्मे टाळकरी पंढरपूरला गेलेत, म्हणून हा मेसेज नीट वाचा. 'वाचलं नव्हतं' हे मी ऐकून घेणार नाही.

संध्याकाळी ६ ला हरिपाठ. सतरंज्या आणि वीणेकऱ्याची जागा साडेपाचलाच तयार पाहिजे. ७ ला फराळ : शाबूची खिचडी, वरी, शेंगदाण्याची आमटी. खिचडीचा शाबू आज रात्रीच भिजवा, मागच्या खेपेला मधे कच्चा राहिला होता. बुवांना ८ ला उभं करायचंय, त्यामुळे पावणेआठला पंगत उठलीच पाहिजे.

कीर्तन ८ ते १०. बरोबर १० ला कर्णे बंद. "एकच अभंग राहिलाय" म्हणून कुणी बटणाला हात लावायचा नाही, नियम तो नियम. पुढचं सगळं बिनमाईकचं, आणि खरं सांगू का, टाळ-पखवाज तेव्हाच कानाला गोड लागतो.

१० ते १२ गावातलं भजन, १२ ला चहा, मग दीडपर्यंत भारूड. भारुडाची सोंगं शाळेच्या व्हरांड्यात रंगवायची, गाभाऱ्यापुढं रंगाचे डबे नकोत.

आता खरी गोष्ट. दीड ते चार. तोपर्यंत बघे घरी जातात आणि राहतो आपण. वीणा खाली टेकता कामा नये. पहारा तासाचा. पुढच्यानं पाच मिनिटं आधी हातपाय धुऊन शेजारी उभं राहायचं, एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा गळ्यातून गळ्यात घ्यायची. गेल्या वर्षी दोनचा गडी ट्रॉलीत झोपला. तात्यांनी या वयात सलग तीन तास वीणा धरली, वर सकाळी कुणाला चकार शब्द बोलले नाहीत. मलाच लाज वाटली. यंदा दोनचा पहारा माझा, तीनचा आबांच्या थोरल्याचा. त्याला उठवायचं काम धाकट्याचं, फोनवर नाही, हलवून.

पखवाजाची कणीक ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. थंडीत वाळली की धुमाचा आवाज बसतो, तीन वाजता पीठ कुठं शोधणार? समईत तेल दर तासाला बघायचं, ते काम पहारा सोडणाऱ्याचं.

४ ला काकडा. काकडे तुपात भिजवून साडेतीनलाच ताटात. आयाबाया अंधारातनं येतात, रस्त्यावर ऊसाच्या गाड्या चालू आहेत, म्हणून चौघांनी बॅटरी घेऊन फाट्यापासून देवळापर्यंत उभं राहा. साडेपाचला आरती, पसायदान. ७ ला बारस सोडायची पंगत. भाजी चिरायला ५ ला दहा जण लागतील, नावं आज रात्री ९ पर्यंत याच ग्रुपवर टाका.

शाली, कानटोप्या आणा. आणि दोनचा चहा जरा कडक करा.