आमचं ठरलं!

हो, फोटोतला हात माझाच. लिहिताना गाल गरम होताहेत, पण तुम्हा सगळ्यांना सांगायचंच आहे: रविवारी साताऱ्यात, आमच्या घरीच, निखिलचा आणि माझा साखरपुडा झाला. 💍

त्याच्या आईंनी ओटी भरली, हातात साखरेचा पुडा दिला, मग अंगठ्या घातल्या. त्या वेळी मान वर करणं काही मला जमलं नाही, म्हणून फोटो फक्त हाताचा! मेंदी, हिरव्या बांगड्या आणि अनामिकेत तो एवढासा खडा.

मावश्या विचारणारच, म्हणून आधीच सांगते: अंगठी १८ कॅरेटची आहे. २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं. रोजच्या वापरात खडा धरणारे बारीक दाते वाकतात आणि खडा सैल होतो. आत हॉलमार्कशेजारी 'नि' कोरलंय. फोटोत दिसत नाही, पण मला माहीत आहे ना. 🙈

लग्न तुळशीच्या लग्नानंतर, साताऱ्यातच. चिपळूणचं वऱ्हाड कुंभार्ली घाटातून येणार, म्हणून मुहूर्त दुपारचाच बघतोय. तारीख ठरली की आई-बाबा घरोघरी फोन करतील, तोवर रजा टाकू नका. घरात जागा कमी असल्याने ज्यांना रविवारी बोलावता आलं नाही, त्या सगळ्यांनी लग्नाला आदल्या दिवशीच, हळदीलाच यायचं. आहेर नको, तुम्ही हवे आहात.

निखिल इथे फारसा येत नाही. त्याच्यासाठीचे आशीर्वादही इथेच लिहा, मी त्याला वाचून दाखवेन.