भागीदारीतून निवृत्त होण्याची लेखी नोटीस

सांगली, दि. २६ डिसेंबर २०२४
(हातपोच व रजिस्टर पोस्टाने)

प्रति,
श्री. रावसाहेब मगदूम व श्री. प्रशांत मगदूम,
भागीदार, मे. कृष्णातीर ट्रेडिंग कंपनी,
हळद व गुळाचे व्यापारी आणि अडते,
मार्केट यार्ड, सांगली

आदरणीय रावसाहेबदादा आणि चि. प्रशांत यांस,

आपल्या भागीदारीपत्राचे कलम १७ आणि भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम ३२ यांनुसार ही लेखी नोटीस देत आहे. दि. ३१ मार्च २०२५ रोजी कामकाज संपताच मी फर्ममधून निवृत्त होईन. पत्रात तीन महिन्यांची मुदत आहे, ती यात पूर्ण होते. सौद्यात उभे राहणे आता प्रकृतीला झेपत नाही, आणि नुसते नावापुरते भागीदार राहणे मला पटत नाही. तुम्ही दोघे भागीदार राहत असल्याने फर्म पुढे चालूच राहील.

भांडवलाचा हिशेब मी असा धरतो. ३१ मार्च २०२४ च्या ताळेबंदाप्रमाणे माझ्या भांडवल खात्यावर ₹३८,४०,००० जमा आहेत. त्यावर पत्रात ठरलेल्या ९ टक्के दराने वर्षाचे व्याज ₹३,४५,६०० मिळवायचे आणि नोव्हेंबरअखेरची उचल ₹४,८०,००० वजा करायची. डिसेंबरपासून मी उचल घेतलेली नाही, मार्चपर्यंत घेणारही नाही. नावलौकिकाची किंमत गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट, म्हणजे ₹२८,००,००० धरली, तर माझ्या ३० टक्क्यांचे ₹८,४०,००० होतात. एकूण ₹४५,४५,६००. चालू वर्षाच्या नफ्या-तोट्यातला माझा वाटा हिशेब बंद झाल्यावर यात मिळवावा किंवा वजा करावा. २०२१ साली फर्मला दिलेले ₹६,००,००० चे कर्ज यात धरलेले नाही, ते वेगळे फेडायचे आहे.

३१ मार्चला हळदीचा हंगाम ऐन भरात असेल. म्हणून गोदाम आणि शीतगृह दोन्हीकडचा माल तिघांच्या समक्ष पोती मोजून लिहावा, आणि खरेदीचा भाव व त्या दिवशीचा बाजारभाव यांत जो कमी असेल तो लावावा. आपल्या फर्ममध्ये वाद झाले ते मालाच्या मोजणीवरूनच, हे दादांना ठाऊक आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी ₹४,१०,००० ची येणी निम्मी बुडीत धरावीत. त्यातून पुढे दोन वर्षांत निम्म्याहून जास्त वसुली झाली, तर त्या जादा रकमेत माझे ३० टक्के राहतील.

पैसे एकदम मागून तुमचा हंगाम अडवण्याची माझी इच्छा नाही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या आधी चुकत्या व्हाव्यात. कर्जाची रक्कम आणि अंतिम बाकीचा एक तृतीयांश भाग ३० जून २०२५ पर्यंत द्यावा. उरलेली रक्कम त्यापुढच्या चार तिमाही हप्त्यांत, १ एप्रिलपासून ९ टक्के व्याजासह द्यावी. हिशेब न मिटता रक्कम फर्ममध्ये राहिली, तर कायद्याचे कलम ३७ लागू होऊ शकते. ती वेळ येऊ नये म्हणून हा दर निवृत्तीपत्रातच लिहावा. नावलौकिकाच्या रकमेवर आयकर कायद्याच्या कलम ४५(४) खाली फर्मवर कर येऊ शकतो. त्याचा निम्मा भार सोसायला मी तयार आहे. आकडा करसल्लागारांकडून काढून घ्यावा.

आता जबाबदारीचे. हा भाग कृपया दोनदा वाचा. ३१ मार्चपर्यंतच्या देण्यांना धनकोंपुढे आपण तिघे संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही बांधलेले आहोत. निवृत्त झालो म्हणून त्यातून मी सुटत नाही आणि सुटू पाहतही नाही. आपसात माझा वाटा ३० टक्के राहील. १ एप्रिलनंतरच्या कुठल्याही देण्याची तोशीस मला लागली, तर ती तुम्ही भरून द्यावी, हे निवृत्तीपत्रात यावे. मात्र जाहीर नोटीस निघेपर्यंत तिऱ्हाइताच्या दृष्टीने मी भागीदारच राहतो. त्यामुळे निबंधकांकडे बदलाची नोंद, राजपत्र आणि जिल्ह्यातल्या मराठी दैनिकातली जाहिरात ही तिन्ही कामे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हाती घ्यावीत. कायद्याने मलाही नोटीस देता येते. १० एप्रिलपर्यंत हालचाल दिसली नाही, तर मी स्वतः देईन. जीएसटी आयुक्तांना निवृत्तीची तारीख एका महिन्याच्या आत लेखी कळवली नाही, तर पुढच्या कराची जबाबदारीही माझ्यावर राहते. ते पत्र मी स्वतः देऊन पोच तुम्हाला पाठवतो.

बँकेच्या ₹६०,००,००० च्या कॅश क्रेडिटला माझी वैयक्तिक जामीनकी आहे. ३१ मार्चची बाकी ठरवून, पुढच्या उचलीसाठी माझा जामीन रद्द केल्याचे बँकेचे लेखी पत्र मला हवे. बँक दुसरा जामीनदार मागेल, म्हणून जानेवारीतच अर्ज करावा. बाजार समितीच्या परवान्यावरचे आणि चेकवरच्या सह्यांमधले माझे नावही १ एप्रिललाच काढावे.

यापुढे मी फर्मचे नाव वापरणार नाही आणि आपली गिऱ्हाइके वळवणार नाही. जुन्या वर्षांच्या कर तपासणीला कागद किंवा सही लागली, तर मी हजर राहीन. त्यासाठी माझ्या काळातल्या खतावण्या मला पाहता याव्यात.

निवृत्तीपत्राचा मसुदा १५ फेब्रुवारीपर्यंत तयार व्हावा. ही नोटीस मिळाल्याची सही सोबतच्या प्रतीवर करून द्यावी.

आपला,
महावीर उपाध्ये
भागीदार