अकरावी भौतिकशास्त्र : प्रक्षेप्य गतीची उदाहरणे (फोटोवरून)

सोबतचा फोटो आपल्याच मैदानावरचा आहे. गोळाफेकीचा 4 किलोचा लोखंडी गोळा आपल्या वर्गातल्या एका मुलीने फेकला. कमान नीट दिसावी म्हणून तिला नेहमीपेक्षा बराच उंच फेकायला सांगितलं होतं. मोबाइल स्टँडवर लावून, वीस पावलं लांब, कुंपणाच्या भिंतीला समांतर ठेवून चित्रीकरण केलं आणि दर 0.2 सेकंदाची एक अशा चौकटी एकावर एक चढवल्या. त्यामुळे एकाच फोटोत आठ गोळे दिसतात. मोजमापासाठी 2 मीटरची काठी गोळ्याच्या वाटेतच उभी केली होती. ती भिंतीला टेकवली असती तर लांब असल्यामुळे लहान दिसली असती आणि सगळी अंतरं चुकली असती.

गेल्या वर्षी हाच प्रयोग प्लास्टिकच्या चेंडूने केला होता. उत्तरं काही केल्या जुळेनात, कारण हलक्या चेंडूला हवा चांगलीच अडवते. म्हणून यंदा गोळा. येथे हवेचा रोध सोडून द्या, g = 9.8 m/s² घ्या.

हातातून सुटण्याची जागा हा आरंभबिंदू. ही जागा जमिनीपासून 1.80 मीटर उंच होती. आठव्या गोळ्यानंतर गोळा ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याआड गेला, त्यामुळे पुढचं फोटोत नाही.

| t (s) | x (m) | y (m) |
|---|---|---|
| 0.0 | 0 | 0 |
| 0.2 | 1.19 | 1.37 |
| 0.4 | 2.41 | 2.35 |
| 0.6 | 3.60 | 2.94 |
| 0.8 | 4.79 | 3.14 |
| 1.0 | 6.01 | 2.93 |
| 1.2 | 7.20 | 2.35 |
| 1.4 | 8.41 | 1.38 |

उदाहरण 1. गोळ्याच्या सुरुवातीच्या वेगाचे आडवा आणि उभा असे दोन घटक काढा. त्यावरून महत्तम उंची आणि सुटण्याच्याच पातळीवरचा पल्ला काढा.

सूत्र शोधण्याआधी तक्त्याकडे दोन मिनिटं नुसतं बघा. x चा रकाना वरून खाली वाचा. दर वेळी 1.2 मीटरच्या आसपास भर पडते. एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, ती आपल्या मोजण्यातली चूक. आडव्या दिशेला गोळ्याला कोणी ढकलतही नाही आणि ओढतही नाही, म्हणून

u_x = 8.41 / 1.4 = 6.0 m/s

इथे पहिलं अंतर न घेता सगळ्यात लांबचं घेतलं. चूक तेवढीच राहते, पण मोठ्या अंतरात ती कमी जाणवते.

आता y चा रकाना. लागोपाठच्या वजाबाक्या करा : 1.37, 0.98, 0.59, 0.20, −0.21, −0.58, −0.97. दर टप्प्याला साधारण 0.39 मीटरने घट. वर जाताना तेवढीच, खाली येतानाही तेवढीच, आणि शिखरापाशीही त्यात खंड नाही. 0.39 ला (0.2)² ने भागलं की 9.75 येतात. म्हणजे g आपल्याला कोणी सांगितला नसता तरी या फोटोत तो सापडला असता.

u_y काढताना अर्धा वर्ग घसरतो. बरेच जण 1.37 / 0.2 = 6.85 लिहून मोकळे होतात. तो पहिल्या 0.2 सेकंदातला सरासरी वेग झाला. हातातून सुटतानाचा वेग त्याहून जास्त होता, कारण तेवढ्या वेळातही गुरुत्वाने आपला वाटा घेतला. म्हणून t = 0.6 ची नोंद घेऊन :

y = u_y t − ½ g t²
2.94 = 0.6 u_y − 1.764
u_y = 4.704 / 0.6 = 7.84 m/s

घटक हाती आले की पुढचं सोपं.

H = u_y² / 2g = 61.47 / 19.6 = 3.14 m

शिखरापर्यंत लागणारा वेळ 7.84 / 9.8 = 0.8 s. तक्त्यात 0.8 सेकंदासमोर नेमके 3.14 आहेत. एकूण वेळ याच्या दुप्पट, T = 1.6 s.

R = u_x T = 6.0 × 1.6 = 9.6 m

शिखराचा x निम्म्या पल्ल्याइतका, म्हणजे 4.80 हवा. फोटोत 4.79 आहे. एवढं जुळलं तर खुशाल पुढे जा.

फेकीचा वेग u = √(36 + 61.47) = 9.87 m/s आणि tan θ = 7.84 / 6.0, म्हणून θ = 52.6°. शिखरावर गोळ्याचा वेग किती? 'शून्य' लिहिणाऱ्यांनी x चा रकाना पुन्हा वाचावा. तिथेही 6.0 m/s आहेच, शून्य झाला तो फक्त उभा घटक.

उदाहरण 2. हाच गोळा जमिनीवर किती अंतरावर पडला?

इथे R = u² sin 2θ / g वापरलं तर गुण जातील. ते सूत्र सुटण्याची आणि पडण्याची पातळी एकच असेल तेव्हाचं. आपला गोळा आरंभबिंदूच्या 1.80 मीटर खाली पडतो, म्हणून y = −1.80 :

−1.80 = 7.84 t − 4.9 t²
t = [7.84 + √(61.47 + 35.28)] / 9.8 = 1.80 s

वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर ऋण येतं, ते सोडा. या वेळात x = 6.0 × 1.80 = 10.8 m. मैदानावर टेपने मोजलं तेव्हा 10.75 मीटर भरलं होतं. (उंचीचे 1.80 मीटर आणि वेळेचे 1.80 सेकंद हा निव्वळ योगायोग. उत्तरपत्रिकेत एकक लिहिलं नाही तर कोणतं कुठलं हे मलाही कळणार नाही.)

उदाहरण 3. बागेतल्या नळीतून निघालेल्या पाण्याच्या धारेचा फोटो आहे. धार नळीच्या तोंडापासून 1.2 मीटर वर चढते आणि त्याच पातळीला 3.2 मीटरवर येते. पाणी किती वेगाने आणि कोणत्या कोनात बाहेर पडतं?

या फोटोत वेळ कुठेच नाही. पण उंची कळली की वेळ लपून राहत नाही.

u_y = √(2 × 9.8 × 1.2) = 4.85 m/s
T = 2 × 4.85 / 9.8 = 0.99 s
u_x = 3.2 / 0.99 = 3.23 m/s
u = 5.83 m/s, tan θ = 1.5, θ = 56.3°

इथे tan θ = 4H / R हे नातंही तपासून बघा. त्यात g नाही. नुसत्या कोनासाठी कमानीचा आकार पुरतो.

प्रक्षेप्याची वाट अन्वस्त असते हे गॅलिलिओने 1638 मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडलं, तेही आडवी आणि उभी गती वेगळी काढूनच. त्याच्याकडे फोटो नव्हता.

घरी सोडवा

1. उदाहरण 1 मधल्या गोळ्याचा t = 1.2 s ला वेग आणि दिशा काढा. (7.17 m/s, क्षितिजाखाली 33.2°)

2. त्याच उंचीवरून, त्याच 9.87 m/s वेगाने, पण 42° कोनात फेकला असता तर जमिनीवर कुठे पडला असता? (11.6 m) हे उत्तर क्रीडाशिक्षकांना दाखवा, ते खूश होतील.

3. एका फोटोत काठी ठेवायची राहून गेली. चौकटींमध्ये 0.1 s अंतर आहे. लागोपाठच्या गोळ्यांमधलं आडवं अंतर 250 पिक्सेल आहे, उभ्या अंतरांत दर टप्प्याला 49 पिक्सेलचा फरक पडतो आणि शिखर आरंभबिंदूपासून 810 पिक्सेल वर आहे. H आणि त्याच पातळीचा R मीटरमध्ये काढा. सूचना : इथे पट्टीचं काम g करेल. (1 पिक्सेल = 2 mm, H = 1.62 m, R = 5.75 m)