फॅटी लिव्हर: घरच्याच जेवणातला आहार-आराखडा

कोणासाठी: वय 46, पुरुष, उंची 168 सेंमी, वजन 84 किलो, कंबर 101 सेंमी. सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी 6.1. दारू नाही. शाकाहारी, अंडी चालतात. दिवसभर खुर्चीवरचं काम.

पहिलं उद्दिष्ट सहा महिन्यांत 84 वरून 78 किलो. वजन साधारण 5 टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते आणि 7 ते 10 टक्क्यांवर सूजही ओसरण्याची शक्यता वाढते. आठवड्याला पाव किलोच्या आसपास पुरे. उपाशी राहून भराभर वजन उतरवलं तर यकृताला उलट त्रास होऊ शकतो.

तुम्ही तूप बंद केलंत आणि चहा तसाच ठेवलात. जादा साखरेपासून यकृत स्वतःच चरबी तयार करतं. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे जवळजवळ 40 ग्रॅम साखर, आणि बरोबरची खारी-बिस्किटं वेगळीच. पहिल्या पंधरवड्यात दोन कप आणि कपाला अर्धा चमचा, त्यानंतर बिनसाखरेचा चहा. गुळाचा चहा हा तोडगा नाही. कोरी कॉफी आवडत असेल तर दिवसाला दोन कप चालेल. कोल्ड्रिंक, सरबत, डब्यातला ज्यूस बंद. फळ चावून खायचं: एक पेरू, एक संत्रं किंवा लहान सफरचंद. आंब्याच्या दिवसांत अर्धा आंबा, आमरस नाही.

दिवसभराचं जेवण (वाटी 150 मिलीची, पोळी सहा इंची)

सकाळी 8.30: कांदेपोहे एक वाटी, त्यात मटार-गाजर भरपूर, आणि सोबत एक उकडलेलं अंडं किंवा अर्धी वाटी मोडाची मटकी. नुसते पोहे खाल्ले की अकराला पुन्हा भूक लागते. इतर दिवशी मुगाची दोन धिरडी किंवा भाज्या घातलेला उपमा एक वाटी.

दुपारचा डबा: दोन पोळ्या किंवा ज्वारीची एक मध्यम भाकरी, भाजी दीड वाटी, उसळ किंवा घट्ट वरण एक वाटी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, ताक. भात हवा असेल तर अर्धी वाटी, आणि त्या दिवशी एक पोळी कमी. भाकरी पौष्टिक खरी, पण मोठ्या तीन खाल्ल्या तर तीही वजन वाढवते. बटाट्याची भाजी पोळीशी खाणं म्हणजे पिष्टावर पिष्टच. ती आठवड्यातून एकदा.

संध्याकाळी 5: मूठभर फुटाणे किंवा फळ. फरसाण, शेव, वडापाव घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे बंद.

रात्री 8 च्या आत: एक-दोन पोळ्या, पालेभाजी, आमटी. आठवड्यातून दोनदा पिठलं-भाकरी चालेल, तेल बेतानं. किंवा मुगाची खिचडी एक वाटी, डाळ तांदळापेक्षा जास्त, बरोबर कोशिंबीर. ताट आखताना अर्धं भाजी-कोशिंबीर, पाव डाळ-उसळ, पाव पोळी-भात. आपल्याकडे भाजी तोंडी लावण्यापुरती वाढतात. नेमकं तेच उलटं करायचंय.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. महिन्याच्या सुरुवातीला मोजून वेगळं काढा, अंदाजावर ठेवू नका. वरणभातावर अर्धा चमचा तूप चालेल, पण त्याच हिशोबात.

एकादशीचं काय? साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट आणि वर तेल. त्याऐवजी वरीचा भात एक वाटी, दाण्याची पातळ आमटी, काकडी, ताक. सणाला एक मोदक किंवा एक पुरणपोळी जेवणातच, पोळी-भाताच्या जागी, जेवणानंतर नाही.

व्यायाम

पहिले दोन आठवडे रात्री जेवल्यावर रोज 20 मिनिटं चाला. मग आठवड्यातले पाच दिवस 30 मिनिटं भरभर: बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगानं. तिसऱ्या महिन्यापासून 45 मिनिटं. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं 10 वेळा, भिंतीवर हात टेकून दंड 10, असे तीन फेरे. ऑफिसात दर तासाला उठून दोन मिनिटं फिरा. चालताना छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या महिन्यात वजन हललं नाही तरी कंबर मोजत राहा. पुरुषांसाठी 90 सेंमीच्या आत हवी.

गुळवेल किंवा ‘लिव्हर साफ करणारे’ काढे मनानं घेऊ नका. कोविडकाळात मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. सध्याचं कुठलंही औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं किंवा पायांना सूज आली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जा. तीन महिन्यांनी यकृताची एसजीपीटी, साखर आणि लिपिडच्या तपासण्या करून या. येताना एका आठवड्यात खाल्लेलं सगळं लिहिलेली वही आणा, चोरून खाल्लेल्या भज्यांसकट.