निमंत्रण: ‘साठानोंद ५’ची पहिली ओळख, २७ आणि २८ ऑक्टोबर २०२६

नमस्कार,

गोदामात माल मोजायला गेलात, तिथे नेट नव्हतं आणि बाहेर येऊन पाहिलं तर स्क्रीनवरचा आकडा भलताच! गेल्या काही महिन्यांत आमच्या मदत कक्षाकडे ही तक्रार सर्वांत जास्त वेळा आली. ‘साठानोंद’ची पाचवी आवृत्ती मुख्यतः याच तक्रारीतून तयार झाली आहे. ती तुमच्यासमोर चालवून दाखवण्यासाठी एक तासाचा ऑनलाइन कार्यक्रम ठेवला आहे. त्यासाठी हे आग्रहाचं निमंत्रण.

आकडा चुकायचा कसा, ते आधी थोडक्यात सांगतो. समजा, साठा ४० नगांचा आहे. एकाने ५ नग विकून ३५ लिहिले. त्याच वेळी दुसऱ्याने नेट नसलेल्या फोनवर ३ नग विकून ३७ लिहिले. चौथ्या आवृत्तीत जी नोंद उशिरा पोचायची ती आधीचीवर बसायची. त्यामुळे स्क्रीनवर ३७ दिसायचे आणि फळीवर मात्र ३२ च असायचे. पाचवी आवृत्ती शेवटचा आकडा जतन करत नाही. ‘५ गेले’, ‘३ गेले’ अशी प्रत्येक हालचाल ती वेगळी नोंदते आणि शिल्लक त्यावरून काढते. त्यामुळे नोंदी कोणत्याही क्रमाने पोचल्या तरी उत्तर ३२ च येतं.

कार्यक्रम असा

पहिली ५ मिनिटं स्वागताची, त्याहून जास्त नाही.

पुढची २५ मिनिटं प्रत्यक्ष प्रात्यक्षिक. दोन फोनचं नेट बंद करून नोंदी करू, मग एकेक फोन जोडू आणि आकडे जुळतात का ते तुमच्यादेखत पाहू. आधी चित्रित केलेलं काही दाखवणार नाही, त्यामुळे कुठे अडखळलो तर तेही दिसेल. याच भागात बारकोड स्कॅन आणि मुदत संपत आलेल्या मालाच्या सूचनाही येतील.

त्यानंतर १० मिनिटं जुना डेटा नव्या आवृत्तीत नेण्याविषयी. चौथी आवृत्ती वापरणाऱ्यांनी हा भाग चुकवू नये. बॅकअप कधी घ्यायचा आणि शिल्लक ताडून कशी पाहायची, हे टप्प्याटप्प्याने दाखवू.

उरलेली २० मिनिटं तुमच्या प्रश्नांची. मागच्या वेळी आमचंच बोलणं इतकं लांबलं की प्रश्नांना जेमतेम पाच मिनिटं उरली. या वेळी ४० व्या मिनिटाला आम्ही थांबणार.

तुमच्याकडे किती वाजता?

एकच कार्यक्रम दोनदा होईल. सोयीचं एक सत्र निवडा.

सत्र १, मंगळवार, २७ ऑक्टोबर:
भारत रात्री ८:००
दुबई संध्याकाळी ६:३०
बर्लिन दुपारी ३:३०
लंडन दुपारी २:३०
न्यूयॉर्क सकाळी १०:३०
लॉस एंजेलिस सकाळी ७:३०

सत्र २, बुधवार, २८ ऑक्टोबर:
दुबई सकाळी ९:००
भारत सकाळी १०:३०
सिंगापूर दुपारी १:००
टोकियो दुपारी २:००
सिडनी दुपारी ४:००

युरोप आणि अमेरिकेतल्या ग्राहकांनी जरा लक्ष द्यावं. युरोपातली घड्याळं २५ ऑक्टोबरला एक तास मागे जातात, अमेरिकेतली मात्र १ नोव्हेंबरला. म्हणून त्या आठवड्यात लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये नेहमीच्या पाचऐवजी चारच तासांचं अंतर असेल. वरच्या वेळा हे धरूनच दिल्या आहेत, त्यामुळे सवयीने मनातल्या मनात हिशेब करू नका.

नोंदणी

या ईमेलच्या तळाशी असलेलं ‘नोंदणी करा’ हे बटण दाबा. ॲपमधूनही नोंदणी करता येईल: ‘मदत’ उघडा आणि ‘वेबिनार’ निवडा. नाव, ईमेल आणि हवं ते सत्र एवढंच भरायचं आहे. प्रश्न आधीच पाठवायचा असेल तर त्यासाठी खाली रकाना आहे. असे प्रश्न आम्ही सर्वांत आधी घेऊ.

नोंदणी होताच पुष्टीचा ईमेल येईल. त्यात सामील होण्याची लिंक आणि कॅलेंडरसाठी .ics फाइल असेल. ती फाइल उघडलीत की तुमच्या फोनवर स्थानिक वेळ आपोआप दिसेल. पंधरा मिनिटांत ईमेल आला नाही तर स्पॅम फोल्डर पाहा. लिंक प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून सहकाऱ्यांना ती पुढे पाठवण्याऐवजी त्यांनाही नोंदणी करायला सांगा. सहभाग विनामूल्य आहे.

नोंदणी सोमवार, २६ ऑक्टोबर रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ पर्यंत सुरू राहील. वेगळं काही डाउनलोड करावं लागणार नाही. कार्यक्रम ब्राउझरमध्येच चालेल आणि पाच मिनिटं आधी आलात तर आवाज तपासून घेता येईल.

दोन्ही वेळा जमत नसतील तरी नोंदणी करून ठेवा. चित्रफितीची लिंक ३० ऑक्टोबरला नोंदणी केलेल्या सर्वांना जाईल. काही अडलं तर याच ईमेलला उत्तर द्या, ते थेट आमच्याकडे येतं.

आपले,
ग्राहक सेवा विभाग, ‘साठानोंद’